पाच मिनिटांचं काम

ठाणे जिल्ह्यात वकिली करणाऱ्याला एक गंमत रोज भोगावी लागते. कुणी घाबऱ्या आवाजात "ठाण्यात बोलावलंय" असं सांगितलं, की आधी विचारावं लागतं, कुठल्या ठाण्यात? गावातल्या की पोलिसांच्या? त्या शुक्रवारी संध्याकाळी काकांनी मला फोनवर हेच सांगितलं, आणि मी हाच प्रश्न विचारून हसले. "अगं, पोलिसांच्या. साहेबांचा फोन होता. एक सही राहिलीये म्हणे, पाच मिनिटांचं काम आहे." मी कल्याण कोर्टातून सुटून डोंबिवलीची गाडी पकडत होते. म्हटलं, जाऊन या, घरी आल्यावर फोन करा.

तो फोन आला नाही. रात्री साडेआठला काकूंचा आला.

हे लिहायला मला तीन वर्षं लागली, कारण यात चूक माझी आहे. काका म्हणजे वडिलांचे मित्र. आमच्या जुन्या चाळीतले, निवृत्त, एकसष्ट वर्षांचे. डोंबिवली पूर्वेला त्यांच्या वाट्याला वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा आला होता. २०१८ साली तो त्यांनी एका बिल्डरला विकसनाला दिला, करारावर सही केली, मुखत्यारपत्र दिलं आणि दोन फ्लॅटची वाट बघत बसले. इमारत उभी राहिली. पुढे तिच्या बांधकाम परवानगीवरच शंका निघाली. २०२२ साली कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाचे खोटे परवाने दाखवून 'महारेरा'त नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण गाजलं, ते वाचकांना आठवत असेल. काकांची इमारत त्या यादीत नव्हती, पण वारं तेच होतं. एका फ्लॅटधारकाने फिर्याद दिली आणि गुन्हा नोंदला गेला. आरोपी तीन: बिल्डर, त्याचा भागीदार आणि जमीनमालक म्हणून काका. बिल्डर पहिल्याच दिवशी गायब झाला. राहिले दोघे, भागीदार आणि काका. त्या दोघांचं पुढे काय झालं, हीच खरी गोष्ट.

आधी कायद्यातला फरक सांगते. तो एका वाक्यात मावतो आणि तरी लोकांचा घोळ होतो. अटक होण्याच्या आधी मागायचा तो अटकपूर्व जामीन, अटक झाल्यावर मागायचा तो नियमित जामीन. मधली रेघ अटकेची. ती रेघ ओलांडली की पहिला दरवाजा कायमचा बंद होतो. काल रात्री अटक झाली असेल, तर आज सकाळी अटकपूर्व जामिनाचा अर्ज चालत नाही. दुसरं म्हणजे पत्ता. अटकपूर्व जामीन न्यायदंडाधिकारी देऊच शकत नाहीत. तो अधिकार फक्त सत्र न्यायालयाला आणि उच्च न्यायालयाला आहे. आमच्याकडे डोंबिवलीतल्या गुन्ह्यासाठी हा अर्ज कल्याणच्या सत्र न्यायालयात होतो. पोलीस आयुक्तालय ठाण्याचं असलं तरी त्यासाठी ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर जावं लागत नाही. नियमित जामीन मात्र सहसा खालून सुरू होतो. ज्या दंडाधिकाऱ्यांसमोर आरोपीला उभं केलं त्यांच्याकडे, तिथे नाकारला तर सत्र न्यायालयात, मग मुंबईला उच्च न्यायालयात.

कलमांचे आकडे बदलले आहेत. काकांच्या वेळी फौजदारी प्रक्रिया संहिता होती, तेव्हा कलम ४३८ अटकपूर्वचं आणि ४३७, ४३९ नियमितची. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तीच कलमं अनुक्रमे ४८२, ४८० आणि ४८३ झाली. कोर्टाच्या व्हरांड्यात अजूनही "चारशे अडतीस टाकलाय का?" असंच विचारतात.

अटकपूर्व जामीन ही कल्पना फार जुनी नाही. इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेत ती नव्हतीच. विधी आयोगाने १९६९ साली शिफारस केली आणि १९७४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत ती आली. तिचा पाया पक्का केला तो १९८० च्या गुरबक्षसिंग सिब्बिया खटल्याने. पंजाबातल्या एका मंत्र्याचं प्रकरण, पाच न्यायमूर्तींचं पीठ, आणि निकाल लिहिला तो आपल्या पुण्याच्या यशवंत चंद्रचूड यांनी, सरन्यायाधीश असताना. त्यात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, अर्ज करायला गुन्हा नोंदलेला असलाच पाहिजे असं नाही, अटकेची भीती खरी आणि कारण दाखवण्यासारखी असली की पुरे. दोन, नुसती भीती पुरत नाही. "कुणीतरी माझ्यावर काहीतरी केस करेल" यावर कोर्ट संरक्षण देत नाही. कुठल्या प्रसंगावरून, कुठल्या आरोपाखाली, कुणाकडून, हे सांगावं लागतं. म्हणून आम्ही अशिलाला कागद विचारतो. तक्रार अर्जाची प्रत आहे का, नोटीस आली का, पोलिसांचा फोन आला तर कुठल्या तारखेला?

पाच मिनिटांच्या कामासाठी बोलावणं आलेला माणूस नेमका या रेघेवर उभा असतो, आणि त्याला ते माहीत नसतं. माहीत असलेल्यांचंही काय होतं, त्याचं उदाहरण काकांच्या प्रकरणाच्या सुमारासच ठाण्यात सगळ्यांनी पाहिलं. ७ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री विवियाना मॉलमध्ये 'हर हर महादेव' सिनेमाचा खेळ बंद पाडला गेला. त्या प्रकरणात आमदार जितेंद्र आव्हाड यांना ११ तारखेला वर्तकनगर पोलिसांनी अटक केली. त्यांनी स्वतःच तेव्हा ट्विटरवर लिहिलं होतं, की पोलीस ठाण्यातून फोन आला, चर्चेसाठी या म्हणाले, म्हणून गेलो, आणि तिथे अटक झाली. माजी मंत्री, हाताशी वकिलांची फौज, तरी रेघ ओलांडली गेली. मग रस्ता एकच उरतो: दुसऱ्या दिवशी कोर्टासमोर, तिथे कोठडीचा निर्णय, आणि मग नियमित जामिनाचा अर्ज. तो १२ तारखेलाच मंजूर झाला. लगेच पुढच्या दिवशी, एका पुलाच्या उद्घाटनाच्या गर्दीत ढकलल्याचा आरोप एका महिलेने केला आणि मुंब्रा पोलीस ठाण्यात विनयभंगाच्या कलम ३५४ खाली गुन्हा नोंदला गेला. या वेळी अटक झालेली नव्हती. म्हणून अर्ज वेगळा, कोर्ट वेगळं. थेट ठाण्याच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागितला गेला आणि १५ तारखेला तो मिळाला. आरोप खरे की खोटे, राजकारण कुणाचं, यात मी शिरत नाही. मी त्या आठवड्याकडे बघते ती वेगळ्या कारणासाठी. एकच माणूस, पाच दिवसांचं अंतर, एकदा अटक आधी आणि जामीन नंतर, एकदा जामीन आधी. नव्या ज्युनियरला फरक समजावताना याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता काकांकडे येते.

पहिल्या फिर्यादीत कलमं होती फसवणूक आणि विश्वासघाताची. फसवणुकीच्या कलम ४२० ला जास्तीत जास्त सात वर्षांची शिक्षा. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस देऊन बोलवायचं, आणि बोलावल्यावर माणूस येत असेल, सहकार्य करत असेल तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय पकडायचं नाही, हे कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार खटल्यात ते ठणकावून सांगितलं. तेव्हा कलम ४१अ होतं, आता ३५. काकांना अशी नोटीस आली. ते दोनदा गेले, करारनामा दिला, सातबारा दिला, बँकेचं पासबुक दाखवलं. दोन्ही वेळा चहा देऊन परत पाठवलं.

त्यावरून मी ठरवलं की अटकपूर्व जामिनाची गरज नाही. माझा विचार अगदीच वेडेपणाचा नव्हता. अर्ज केला की तपास अधिकारी 'से' दाखल करतो, म्हणजे पोलिसांचं लेखी म्हणणं. त्या म्हणण्यात ते विरोध करतात, आणि विरोध करायचा म्हणून आरोपीची भूमिका होती त्याहून मोठी रंगवतात. शांत बसलेल्या अधिकाऱ्याला आपणच का डिवचा? आणि अर्ज फेटाळला गेला तर काका होते त्याहून वाईट जागी येणार. नोटिशीचं कवच आहे, ते पुरेल, असं मी काकूंना सांगितलं.

भागीदाराच्या वकिलाने तसा विचार केला नाही. त्याने कल्याणच्या सत्र न्यायालयात अर्ज टाकला आणि पहिल्याच तारखेला अंतरिम संरक्षण मागितलं. हा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. अर्ज दाखल झाला म्हणजे अटक थांबत नाही. अर्ज पडून आहे आणि अंतरिम आदेश नाही, अशा दिवसांत पोलीस घरी येऊन उचलू शकतात, आणि उचललं की अर्जच निरर्थक होतो. म्हणून पहिल्या तारखेला सरकारी वकील 'से'साठी वेळ मागतात, तेव्हा आपण उभं राहून म्हणायचं असतं की तोवर अटक नको. भागीदाराला ते संरक्षण मिळालं.

पोलिसांचं म्हणणं आलं तेव्हा त्यात नवी गोष्ट होती. महापालिकेने कळवलं होतं की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र त्यांनी दिलेलंच नाही. म्हणून बनावट दस्तऐवजाची कलमं वाढवली होती, ४६५, ४६७, ४६८, ४७१. यातलं ४६७ महत्त्वाचं. मौल्यवान दस्तऐवज बनावट करण्याच्या या कलमाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे सात वर्षांची मर्यादा गेली आणि ज्या कवचावर मी काकांना ठेवलं होतं, ते त्या एका आकड्याने गळून पडलं. कलमवाढीचा अहवाल पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात देतात. मी दर आठवड्याला तिथे चौकशी करायला हवी होती, निदान भागीदाराच्या अर्जातला 'से' वाचायला हवा होता. तो अर्ज माझ्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर चालू होता. मी वाचला नाही. चार दिवसांनी शुक्रवार आला, आणि पाच मिनिटांचं काम.

शनिवारी काकांना कल्याणला सुट्टीच्या कोर्टासमोर आणलं. चोवीस तासांच्या आत आणावंच लागतं, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळची अटक म्हणजे पहिली सुनावणी रिमांडच्या घाईत. पोलिसांनी सात दिवसांची पोलीस कोठडी मागितली: मूळ प्रमाणपत्र कुठे बनवलं, शिक्का कुणी केला, पैसे कुठे गेले. मी म्हटलं, माझ्या अशिलाने सगळे कागद आधीच दिलेत. कोर्टाने चार दिवस दिले. पोलीस कोठडी चालू असताना जामिनाचा अर्ज सहसा कोणी ऐकत नाही. कोर्टाची भाषा 'तपास प्राथमिक टप्प्यावर आहे' अशी असते. चार दिवसांनी न्यायालयीन कोठडी झाली, आमच्या भाषेत 'एमसीआर', आणि काका आधारवाडी जेलमध्ये गेले. त्याच दिवशी मी दंडाधिकाऱ्यांकडे जामिनाचा अर्ज दिला. सरकारी वकिलांचा 'से' यायला तीन दिवस, मध्ये रविवार, मग युक्तिवाद, मग आदेश: नामंजूर. सत्र न्यायालयात नवा अर्ज, नवा 'से', नवी तारीख.

युक्तिवादात मात्र मला फारसं झगडावं लागलं नाही. प्रमाणपत्रावर काकांची सही नव्हती. पैसा बिल्डरच्या खात्यात गेला होता, काकांना मिळाले होते ते फक्त भाड्याचे. वय, प्रकृती, कायमचा पत्ता, जप्त करण्यासारखं काही उरलेलं नाही. सव्विसाव्या दिवशी जामीन मंजूर झाला, तीस हजारांच्या जातमुचलक्यावर आणि तेवढ्याच रकमेच्या एका जामीनदारावर. जामीनदाराची कागदपत्रं तपासायला वेळ लागणार होता, म्हणून तात्पुरती रोख रक्कम भरण्याची परवानगी मागून घेतली. सुटकेचा आदेश संध्याकाळच्या आत जेलमध्ये पोचला नाही तर आणखी एक रात्र, हे काकूंना समजावताना माझा आवाज बसला. सत्ताविसाव्या दिवशी काका बाहेर आले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. ती कशी तुटली हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

भागीदाराचं काय झालं? त्याचा अटकपूर्व जामीन कायम झाला. आदेशाचा मजकूर ठरलेला असतो: अटक झाल्यास अमुक रकमेच्या जातमुचलक्यावर सोडावं. दर सोमवारी आणि गुरुवारी अकरा ते एक पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदारांशी बोलायचं नाही, परवानगीशिवाय देश सोडायचा नाही. तो नेमाने हजर राहिला. प्रमाणपत्र 'महारेरा'च्या संकेतस्थळावर चढवणारा ईमेल त्याच्या ऑफिसातून गेला होता, असं दोषारोपपत्रात म्हटलं आहे. काकांपेक्षा त्याच्याविरुद्धचे कागद जड आहेत. तो एक रात्रही आत गेला नाही. मला त्याचा राग नाही. त्याच्या वकिलाने त्याचं काम वेळेवर केलं.

लोक विचारतात, अटकपूर्व जामीन किती दिवस टिकतो? पूर्वी इथे गोंधळ होता. काही निकालांमुळे तो थोड्या दिवसांपुरता द्यायचा आणि मग माणसाने शरण जाऊन नियमित जामीन मागायचा, अशी पद्धत पडली होती. अक्कलकोटच्या सिद्धाराम म्हेत्रे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये ती चुकीची ठरवली. तरी मतभेद राहिले, आणि २९ जानेवारी २०२० ला सुशीला अगरवाल खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते मिटवले. साधारणपणे मुदत नाही, खटला संपेपर्यंत टिकू शकतो, खास कारण असेल तर कोर्ट मुदत घालू शकतं. दोषारोपपत्र आलं म्हणून तो आपोआप संपत नाही. अटी मोडल्या तर मात्र रद्द होतो.

फेटाळला गेला तर? उच्च न्यायालयात जाता येतं, आणि तोवर काही दिवस अंतरिम संरक्षण चालू ठेवा अशी विनंती सत्र न्यायालयाला त्याच मिनिटाला तोंडी करायची असते. ते मिनिट चुकलं की पोलीस दाराबाहेर उभे असू शकतात. महाराष्ट्रात जुन्या कायद्यात एक खास दुरुस्ती होती. सरकारी वकिलांनी मागणी केली आणि कोर्टाला पटलं, तर अंतिम सुनावणीला अर्जदाराने स्वतः हजर राहायचं. त्यामुळे अर्ज फेटाळताच कोर्टाच्या पायरीवर पकडलेली माणसं मी पाहिली आहेत. नव्या संहितेच्या कलम ४८२ मध्ये ती अट नाही. उलट नियमित जामिनाच्या बाजूला एक गोष्ट अवघड झाली. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मागता यायची. आता ते पंधरा दिवस तुकड्या-तुकड्याने, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत मागता येतात. तेवढ्या कारणावरून जामीन नाकारू नये असंही नव्या कलमात लिहिलं आहे, पण अशिलाला 'आता पोलीस कोठडी संपली' असं छातीठोक सांगणं कठीण झालं आहे.

अटकपूर्व फेटाळला आणि वरही जमेना, तर एक मधली वाट असते, स्वतः कोर्टासमोर हजर होऊन शरण जाण्याची. कोर्टाच्या ताब्यात आलं तरी ती कायद्याने कोठडीच आणि तिथून नियमित जामीन मागता येतो. फरक एवढाच, की शुक्रवारी रात्री नाही, आपण निवडलेल्या सकाळी, वकील शेजारी असताना.

आता माझ्याकडे कुणी नोटीस घेऊन आलं की मी तीन गोष्टी करते. फिर्यादीतलं सर्वांत जड कलम कोणतं आणि कागद बघता कोणतं वाढू शकतं, ते लिहून काढते. कागदात कुठेही शिक्का, सही, प्रमाणपत्र यांचा संशय असेल तर बनावटीचं कलम येणार असं धरूनच चालते. सहआरोपींनी अर्ज केलाय का ते बघते आणि त्यातला 'से' वाचते. आणि अशिलाला सांगते, फोन आला तर एवढंच म्हणायचं, "साहेब, लेखी नोटीस द्या, वकिलांना घेऊन येतो." काही अशील नाराज होतात. म्हणतात, मॅडम, तुम्ही उगाच घाबरवता, साहेब चांगले आहेत. असतीलही.

खटला अजून उभा राहायचा आहे. दोषारोपपत्र आलं, आरोपनिश्चिती बाकी आहे, बिल्डर अजून सापडलेला नाही. दोन महिन्यांनी एक तारीख पडते. काका सकाळी सव्वानऊची कल्याण लोकल पकडतात, डबा घेऊन येतात. भागीदारही येतो. दोघे व्हरांड्यातल्या एकाच बाकावर बसतात. मागच्या तारखेला पुकारा व्हायला वेळ होता, तर भागीदाराने तीन चहा आणले, एक माझ्यासाठी. काकांनी कप घेतला, फुंकर मारली आणि मला विचारलं, "अगं, मी त्या शुक्रवारी गेलो नसतो तर?" मी चहाचे पैसे द्यायला उठले.